ओळखीच्याच माणसांना ओळख करून देताना

"सर, मी चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत नऊ वर्षं सीएनसी ऑपरेटर आहे. आता त्याच लाइनला सुपरवायझर म्हणून ऑर्डर निघालीय. सोमवारी पहिल्या शिफ्टला चौदा जणांसमोर उभं राहून बोलायचंय. त्यात माझा जिगरी दोस्त आहे, आणि ज्यांनी मला मशीन शिकवली ते मामापण आहेत. त्यांचंही नाव या पोस्टसाठी होतं म्हणतात. फार साहेबी केली तर दुरावतील, दोस्तीत राहिलो तर कुणी ऐकणार नाही. नक्की काय बोलू?"

सोमवारी काय बोलायचं ते सांगतोच, पण तुमचं खरं काम सोमवारच्या आधी, शनिवारपर्यंत उरकायचं आहे. चौदा जणांसमोरची ती चार मिनिटं कशी जाणार, हे त्याआधी तुम्ही तीन माणसांशी काय बोललात यावर ठरतं.

पहिला माणूस तुमचा मॅनेजर. त्याच्याकडे पंधरा मिनिटं मागून घ्या आणि तुमच्या हातात नक्की काय आहे ते विचारा. रजा तुम्ही मंजूर करणार की फक्त शिफारस करून वर पाठवणार? किती दिवसांपर्यंतची? ओव्हरटाइमला कोण येणार हे तुम्ही ठरवणार का? मशीनवरचा माणूस हलवायचा तर विचारावं लागेल का? कुणी चुकला तर तोंडी समज देण्यापर्यंत तुमचा अधिकार, की लेखीसुद्धा? ही उत्तरं वहीत लिहून घ्या. नवा सुपरवायझर पहिल्याच भाषणात "रजेचं आता माझ्याकडे" म्हणतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याने मंजूर केलेली रजा वरून नामंजूर होते. असं झालं की पुढचे सहा महिने त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. नसलेला अधिकार सांगण्यापेक्षा असलेलाही थोडा कमी सांगितलेला बरा.

मॅनेजरकडून अजून एक गोष्ट मागा. सोमवारी त्याने स्वतः यायचं, "आजपासून ही लाइन यांच्याकडे, लाइनचं काहीही असलं तरी आधी यांच्याशी बोला" एवढं सांगायचं आणि निघून जायचं. निघून जाणं महत्त्वाचं. तो शेजारी उभा राहिला तर तुम्ही बोलत असताना चौदा जोडी डोळे त्याच्या चेहऱ्याकडे असतील, आणि तुम्हीही नकळत त्यालाच ऐकवायला बोलाल. मी हे इतक्या वेळा बघितलंय की हल्ली मॅनेजर लोकांना मी दंडाला धरून बाहेर नेतो.

दुसरा माणूस मामा. त्यांना ही बातमी नोटीस बोर्डावरून कळली असेल तर आजच भेटा, कळली नसेल तर ती तुमच्या तोंडून कळू द्या. कँटीनमध्ये भेटू नका, केबिनमध्ये बोलावून तर अजिबात नको. शिफ्ट सुटल्यावर बसस्टॉपपर्यंत सोबत चालत जा. इथे दोन चुका होतात. एक, माफी मागणं: "मामा, खरं तर ही जागा तुमचीच होती." ऐकायला नम्र वाटतं, पण याचा अर्थ निर्णय चुकीचा आहे हे तुम्हीच मान्य केलंत. मग त्यांनी तुमचं का ऐकावं? दुसरी चूक आश्वासन: "पुढच्या वेळी तुमचंच नाव लावतो." ते तुमच्या हातात नाही आणि त्यांनाही ते ठाऊक आहे.

त्याऐवजी आहे तसं बोला. "मामा, तुमचंही नाव होतं हे मला माहितीये. निर्णय वरचा होता, पण आता जबाबदारी माझ्यावर आलीय. सेटिंगमध्ये तुमच्याइतका हात माझा आजही नाही. नवीन ट्रेनी पोरं येतात त्यांची सेटिंगची तयारी तुम्ही करून घ्यावी असं माझ्या डोक्यात आहे. साहेबांशी बोललोय. तुम्हाला चालेल का?" हे काम खरंच द्यायचं असेल आणि मॅनेजरचा होकार घेतला असेल तरच बोला. ज्याला डावललं गेलंय त्याला पोकळ मान लगेच ओळखू येतो. मामा गप्प राहिले तर गप्प राहू द्या. "काही वाटून घेऊ नका" म्हणू नका. वाटणारच. त्यांना त्या दिवशी हसवणं तुमचं काम नाही.

तिसरा माणूस जिगरी दोस्त, आणि हे बोलणं सगळ्यात अवघड. कारण मामांशी तुमचं नातं मानाचं आहे, दोस्ताशी देण्याघेण्याचं. एका गाडीवरून येता का? मग त्याला उशीर झाला की तुम्हालाही होणार, आणि तो लाइनभर दिसणार. भिशी कोण चालवतं? तुम्ही चालवत असाल तर ती सोमवारच्या आधी दुसऱ्याकडे द्या. ज्याच्या हातात ओव्हरटाइमची यादी, त्याच्याच हातात भिशीचा डबा, हे बरं दिसत नाही, आणि एखाद्याचा हप्ता थकला की तुम्ही त्याच्याशी सुपरवायझर म्हणून बोलताय की भिशीवाला म्हणून, हे त्यालाही कळत नाही. एकमेकांचे उसने पैसे असतील तर फेडून मोकळे व्हा. दोस्ताला सरळ सांगा: "घरी आपण आहोत तसेच. लाइनवर मी तुला सगळ्यांच्या आधी बोलेन, कारण तुला सोडलं तर बाकीच्यांना बोलायला मला तोंड राहणार नाही. तुला तेव्हा राग येईल. संध्याकाळी शिव्या दे, पण तिथे उलट बोलू नकोस." हे आधी सांगितलेलं असलं की प्रसंग आल्यावर त्याला ते दगा दिल्यासारखं वाटत नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. १९९४ साली भोसरीतल्या एका कारखान्यात मी कॅपस्टन लेथवरून सुपरवायझर झालो. पहिल्या दिवशी स्टुलावर उभा राहून मी भाषण केलं: "मी साहेब वगैरे काही नाही, आपण सगळे भाऊच आहोत, काही बदलणार नाही." टाळ्या पडल्या. नवव्या दिवशी रात्रपाळीला माझ्या खास मित्राने बोरिंगचं टूल बदललं आणि पहिला पीस प्लग गेजने न बघताच मशीन चालू ठेवली. मी पोचलो तेव्हा ट्रेमध्ये एकसष्ट बुश होते. नो-गो गेज सगळ्यांत आरपार गेला. बोअर मोठा झाला की माल भंगारात, त्याला रिवर्क नाही. मी त्याला रिपोर्ट लिहायला सांगितला तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, "काही बदलणार नाही म्हणाला होतास ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो खरं बोलत होता. त्याने गेज लावला नाही ही त्याची चूक. पण मी त्याला दिलेला शब्दच खोटा होता, आणि तो मी सगळ्यांसमोर दिला होता. पुढे दोन वर्षं आम्ही बोललो नाही.

म्हणून सोमवारच्या बोलण्याचं मुख्य काम एकच समजा. काय तसंच राहणार आणि काय बदलणार, हे नावानिशी सांगायचं. तुमची ओळख त्यांना नऊ वर्षांची आहे. तुम्ही किती साखरेचा चहा पिता हेसुद्धा त्यांना माहीत आहे. नवीन आहे ती खुर्ची, आणि ओळख करून द्यायची ती खुर्चीची. आपुलकी "तसंच राहणार" या यादीतून दिसते, अधिकार "बदलणार" या यादीतून. दोन्ही एकाच श्वासात सांगितलं की वेगळा गोडवा आणायला लागत नाही, वेगळा आवाजही चढवायला लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत रातोरात फोरमन झालेल्या कामगारांना 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचं छोटं प्रशिक्षण देत, पुढे जपानी कारखान्यांनीही ते उचललं. माणसं सांभाळण्याचे त्यात चार पायाभूत नियम होते आणि त्यातला एक हाच: ज्या बदलाचा माणसावर परिणाम होणार आहे तो त्याला आधी सांगा.

आता बोलायचं काय. शिफ्टच्या सुरुवातीच्या मीटिंगमध्येच बोला, उत्पादनाचा बोर्ड असतो तिथे. गोल करून सगळ्यांच्या पातळीवर उभे राहा. स्टूल नको. माझं मी वर सांगितलंच. हातात छोटा कागद असला तर चालतो, मोबाइल नको. तुमच्या जागी मी असतो तर साधारण असं बोललो असतो:

"नमस्कार. आजपासून ही लाइन माझ्याकडे आलीय. माझी ओळख काय करून देऊ? नऊ वर्षं चार नंबरच्या मशीनवर तुमच्यातच उभा होतो. मला जे येतं ते मामांनी आणि इथल्याच लोकांनी शिकवलंय. माझं कुठे चुकतं तेही तुम्हाला माहितीये.

काय तसंच राहणार आणि काय बदलणार ते सरळ सांगतो. बोलणं-चालणं तसंच. हाक नावानेच मारा. डबा मी इथेच, तुमच्यातच खाणार.

बदलणार त्या तीन गोष्टी. रजा आता माझ्याकडे. दोन दिवसांपर्यंतची मी बघणार, त्यापुढची साहेबांकडे जाईल. अचानक अडचण आली तर शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मला फोन. दोस्ताच्या हाती निरोप नको. दुसरं, रविवारच्या ओव्हरटाइमची यादी गुरुवारी या बोर्डावर लागेल, पाळीपाळीने. तिसरं, इन्सर्ट बदलला की पहिला पीस चेक झाल्याशिवाय मशीन पुढे चालणार नाही. ह्यात सीनियर, दोस्त, कुणी नाही. मी मशीनवर उभा राहिलो तर मीसुद्धा नाही.

काही जणांशी माझी जास्त दोस्ती आहे, सगळ्यांना माहितीये. त्यांना झुकतं माप मिळतंय असं वाटलं तर बोर्डावरची यादी बघा आणि मला येऊन विचारा. राग येणार नाही.

पीस खराब गेला तर लगेच सांगा. सांगितलेल्या पीसवरून मी ओरडणार नाही, लपवलेल्यावरून मात्र बोलेन.

बाकी पहिले पंधरा दिवस मी काही हलवत नाही. प्रत्येकाकडे मशीनवर येऊन दहा मिनिटं बोलणार आहे. काय अडतंय ते सांगायला तयार राहा. आज दोन नंबरला कूलंटचा प्रॉब्लेम आहे, मेंटेनन्स साडेआठला येतोय. चला, सुरू करू."

सावकाश म्हटलंत तरी हे तीन मिनिटांच्या आत संपतं. ह्यातल्या दोन दिवसांच्या जागी तुमचा मॅनेजर जे सांगेल ते घाला. तिसरी गोष्ट तुमच्या लाइनला आधीपासूनच कसोशीने पाळली जात असेल तर तिच्याऐवजी जी पाळली जात नाही ती घ्या. पण तीनच घ्या. पाच सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही, आणि पहिल्याच दिवशी नियमांची पाटी वाचून दाखवल्यासारखं होतं.

ह्यातली दोन-तीन वाक्यं का अशी आहेत ते सांगतो, म्हणजे तुम्हाला ती तुमच्या शब्दांत बदलता येतील. दोस्तीचा उल्लेख मी मुद्दाम केला. तुम्ही तो केला नाहीत तरी समोरच्या चौदांपैकी बारा जण त्याचाच विचार करत असतात. तुम्हीच तोंडाने बोललात की ती कुजबुज उरत नाही, आणि शंका आली तर काय करायचं तेही त्यांना कळतं. मात्र त्याला बोर्डावरच्या यादीचा आधार हवा. "मी पक्षपात करणार नाही" हे वाक्य कुणाला तपासता येत नाही, यादी तपासता येते. ओव्हरटाइमचा पैसा दुप्पट दराने मिळतो, लोकांच्या घराचे हप्ते त्यावर चालतात. सुपरवायझर आपल्या माणसांना झुकतं माप देतो की नाही हे लोक त्याच्या भाषणावरून ठरवत नाहीत, रविवारी गेटवर कोण दिसतं त्यावरून ठरवतात. तुमच्या दोस्ताची पाळी पहिल्याच रविवारी येत असेल तर यादी दुसऱ्या टोकापासून सुरू करा.

खराब पीसबद्दलचं वाक्य नीट मोजून वापरा. "कुणाला काही होणार नाही" असं म्हणू नका. कस्टमरकडून तक्रार आली तर काय होईल ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात फक्त तुमचा आवाज आहे, म्हणून वचनही तेवढंच: मी ओरडणार नाही. आणि ते पाळावं लागेल. पहिला माणूस स्वतःहून खराब पीस घेऊन येईल तेव्हा आजूबाजूच्या चार मशीनवरचे लोक हातातलं काम चालू ठेवून कान तुमच्याकडे लावतील.

शेवटचं कूलंटचं वाक्य बिनमहत्त्वाचं वाटेल, पण ते गाळू नका. भाषण "तुमचं सहकार्य अपेक्षित आहे" वर संपलं की लोक टाळ्या वाजवून पांगतात. कामाच्या एका नेमक्या गोष्टीवर संपलं की ती नेहमीची मीटिंग होते, आणि तुम्ही आजपासून ती घेणारा माणूस होता. त्या दिवशी लाइनला खरोखर जी अडचण असेल तीच घ्या, म्हणून सकाळी वीस मिनिटं आधी जाऊन सगळ्या मशीन बघून या. आणि मेंटेनन्स साडेआठला येईल म्हणालात तर तो साडेआठला यायलाच हवा. आदल्या शिफ्टलाच फोन करून पक्कं करा.

आता जिथे बहुतेक जण अडखळतात तिथे येतो. मराठीत 'आम्ही', 'आपण' आणि 'मी' ही तीन हत्यारं आहेत, आणि नवा सुपरवायझर ती उलटसुलट वापरतो. 'आम्ही' म्हटलं की समोरचा त्यातून बाहेर पडतो. "आम्ही असं ठरवलंय की..." हे वाक्य तुमच्या तोंडून सोमवारी निघालं तर त्या क्षणी तुम्ही केबिनवाल्यांच्या बाजूला उभे राहिलात. कामगारांच्या कानाला हे फार तिखट लागतं, कारण सुपरवायझर झाला की माणूस बहुधा युनियनच्या बाहेर जातो. ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार असलेल्या पर्यवेक्षकाला कायदाही कामगार धरत नाही. दुरावा कागदावर आधीच आलेला आहे, तो जिभेने वाढवू नका.

'आपण' कामासाठी ठेवा: आपण आज चारशे काढू, आपल्या लाइनला रिजेक्शन कमी आहे. पण हुकमासाठी 'आपण' वापरणं ही पळवाट आहे. "आपण जरा वेळेवर यायला पाहिजे" म्हणजे कुणी? तुम्ही तर येताच. हे वाक्य कुणालाच लागत नाही आणि ज्याला लागायला हवं तो सगळ्यात आधी मान डोलावतो. निर्णय असेल तिथे 'मी' वापरा: रजा मी बघणार, यादी मी लावणार. 'मी' म्हणायला पहिल्या दिवशी जीभ जड होते. घरी आरशासमोर नको, बायकोसमोर म्हणून बघा. ती कुठे तुम्ही पुटपुटलात ते बरोबर सांगेल.

दुसरं अरे-तुरे. ज्यांना नऊ वर्षं 'तू' म्हणालात त्यांना सोमवारपासून 'अहो' म्हणू नका. तुम्ही मान द्यायला जाल आणि त्यांना ते टोमण्यासारखं लागेल. मामा 'तुम्ही'च राहतील, आणि ते तुम्हाला 'तू'च म्हणतील. म्हणू द्या. मामांनी सगळ्यांसमोर "अरे, ती ऑफसेट बघ जरा" म्हटलं आणि तुम्ही जाऊन बघितलीत, तर तुमचा मान कमी होत नाही, लाइनवरचं कुणीच तसं समजत नाही. पण मीटिंगमध्ये किंवा बाहेरचा कुणी, क्वालिटीचा माणूस, कस्टमर समोर असेल तेव्हा टोपणनाव चालणार नाही. पिंट्या, बाळ्या जे काय असेल ते. ह्यासाठी जाहीर सूचना काढू नका, हसं होईल. दोस्ताला एकट्याला सांगा, तो सुधारला की बाकीचे आपोआप सुधारतात. काही जण मुद्दाम "साहेब, साहेब" करतील, अर्ध्या थट्टेत. दोनदा हसा, तिसऱ्यांदा "कामाचं बोल" म्हणून विषय पुढे न्या. चिडलात तर ते नाव कायमचं चिकटतं.

व्हॉट्सअॅपचा ग्रुप विसरू नका. प्रत्येक लाइनचा एक ग्रुप असतो ज्यात सुपरवायझरला शिव्या घालतात, आणि परवापर्यंत तुम्हीही त्यात घातल्यात. गुपचूप बाहेर पडलात तर "लगेच बदलला" म्हणतील, तिथेच राहिलात तर हेर ठराल. आदल्या रात्री एक ओळ लिहून बाहेर पडा: "तुम्हाला मोकळं बोलता यावं म्हणून निघतोय, उद्या भेटूच." मला विचाराल तर अख्ख्या सोमवारपेक्षा ही एक ओळ जास्त काम करते.

हे सगळं जमलं तरी पहिली परीक्षा आठ-दहा दिवसांत येणारच. ती बहुतेक वेळा दोस्ताकडून येते, आणि मुद्दामही नसते. समजा, तो वीस मिनिटं उशिरा आला आणि जाता जाता तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघून घे रे जरा." तिथे चार लोकांसमोर त्याला झापू नका, आणि हसून सोडूही नका. एवढंच म्हणा, "मशीनवर जा, साडेनवाच्या चहाला बोलू." चहाला बाजूला घेऊन दोनच गोष्टी: उशीर लागलाय तो लागलेलाच राहील, आणि पुढच्या वेळी आधी फोन. पाच मिनिटांत संपवा. जुन्या मैत्रीचे दाखले देऊ नका. संध्याकाळी एकत्र घरी जात असाल तर त्या दिवशीही एकत्रच जा, वाटेत हा विषय काढू नका. लोक दोन्ही बघतात: उशीर लागला हे, आणि संध्याकाळी गाडीवर दोघं होते हेही.

पहिले दोनेक आठवडे तुम्ही जवळ गेलात की गप्पा थांबतील. त्याचा फार विचार करू नका, ते असंच असतं. काळजी करण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. रजेची, पाळी बदलायची बोलणी लाइनवर न होता रात्री तुमच्या खासगी फोनवर यायला लागली, "जरा बघ ना" अशा सुरात, तर तुम्ही गरजेपेक्षा मऊ पडलात. दोन-तीन जणांना म्हणा, "उद्या लाइनवर विचार, तिथेच सांगतो." उलट बाजूची खूण लाल बिनमध्ये दिसते. ऑपरेटर स्वतः सांगायचे ते खराब पीस आता पुढच्या स्टेजला, फायनल इन्स्पेक्शनला सापडायला लागले, आणि तुमच्या लाइनच्या लाल बिनमध्ये मात्र काही नाही, तर खूश होऊ नका. लोक तुम्हाला घाबरून लपवतायत. मग पुढचा खराब पीस जो आणून देईल त्याच्याशी कसं बोलता यावर सगळं आहे. तो पीस हातात घ्या, त्याच्यासमोर मापून बघा, आणि पहिला प्रश्न "कुणी केलं" हा नसून "कितव्या पीसपासून" हा असू द्या. त्या उत्तरावर माल वेगळा काढता येतो, आणि माणसालाही कळतं की तुम्ही त्याच्या नव्हे, मालाच्या मागे आहात.

तुम्ही फक्त पहिल्या शिफ्टचं लिहिलंय. शिफ्ट फिरती असेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या पाळीचे काही लोकही तुमच्याकडे येत असतील, तर त्यांच्यासमोरही त्याच आठवड्यात, तेच शब्द, उभं राहून बोला. नाहीतर त्यांना तुमचं भाषण शिफ्ट बदलताना लॉकरपाशी, मीठमसाला लावून कळेल.

पार्टी मागतील. ढाब्यावर 'बसायला' चला म्हणतील. एकदा जा, जेवा, आपल्या वाट्याचे पैसे द्या आणि लवकर निघा. तुम्ही उठल्यावरच त्यांना खरं बोलायचं असतं. पेढे मात्र तुमच्याकडून, आणि ते सोमवारच्या मीटिंगमध्ये नकोत. तोंडात पेढा असताना रजेचा नियम कुणी ऐकत नाही. शनिवारी चहाच्या वेळेला मशीनवर जाऊन एकेकाच्या हातात द्या, मामांना पहिला. चौदाच मोजून आणू नका. हाऊसकीपिंगची मावशी, फोर्कलिफ्टवाला आणि कंत्राटी पोरं धरून वीस-बावीस लागतील.